कंपनीचा प्रोजेक्ट मिळाला, तरी विभाग विषय परत का पाठवतो?

जुलैमध्ये इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. पहिला, "ग्रुपमध्ये एक जागा आहे का?" आणि दुसरा, "आपल्याला कोणते सर आलेत?"

त्यात एखाद्या ग्रुपला ओळखीतून, इंटर्नशिपमधून किंवा सरळ एमआयडीसीत फिरून कंपनीचा प्रोजेक्ट मिळतो. आता सगळं सुटलं असं वाटतं. मग पंधरा दिवसांनी सिनॉप्सिसवर शेरा येतो : 'विषय बदलून आणा'.

कंपनी हो म्हणते, मग कॉलेज नाही का म्हणतं? याचं उत्तर गाईड कसा ठरतो आणि मान्यता देणारी कमिटी नेमकं काय तपासते यात आहे. तेच समजून घेऊया.

गाईड ठरतो कसा?

बहुतेक कॉलेजांत तीन ते चार जणांचा ग्रुप असतो आणि विभागातला एक प्राध्यापक 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' असतो. गाईड वाटण्याच्या पद्धती ढोबळमानाने तीन.

पहिली पद्धत पसंतीक्रमाची. ग्रुपने तीन-चार गाईडची नावं द्यायची आणि ज्या ग्रुपची सरासरी सीजीपीए जास्त त्याला आधी संधी. कॅप राऊंडला आपण कॉलेजांचे ऑप्शन भरतो, तसंच. पण इथे गुण ग्रुपचे मोजले जातात. दोघांना 9 आणि दोघांना 6 असतील तर सरासरी येते 7.5. चौघांनाही 8 असतील तर 8. त्यामुळे टॉपर टॉपरकडे सरकतात आणि उरलेल्यांचा ग्रुप शेवटी यादीत राहिलेल्यांमधून बनतो.

दुसरी पद्धत विषयाची. आधी ग्रुपने क्षेत्र सांगायचं, मग त्या क्षेत्रातला गाईड मिळणार. कागदावर ही सगळ्यांत शहाणी पद्धत आहे. अडचण अशी की कम्प्युटर विभागात निम्म्याहून जास्त ग्रुप 'मशीन लर्निंग' लिहितात आणि नेटवर्किंग शिकवणाऱ्या मॅडमकडे कोणीच जात नाही. मग कोऑर्डिनेटर उरलेले ग्रुप सरळ वाटून टाकतात.

तिसरी पद्धत रोल नंबर किंवा चिठ्ठीची. यात भांडण होत नाही, पण गाईड आणि विषयाची जुळणी नशिबावर जाते.

कंपनीचा प्रोजेक्ट असलेल्या ग्रुपसाठी या तिन्हींतला महत्त्वाचा फरक एकच : आधी विषय की आधी गाईड? आधी गाईड ठरत असेल, तर कंपनीने दिलेला विषय तुम्हाला अशा माणसाला पटवायचा असतो ज्याने तो निवडलेला नाही, पण ज्याची सही वर्षभर प्रत्येक कागदावर लागणार आहे.

हा प्रश्न येत्या दोन वर्षांत मोठा का होणार?

एआयसीटीईने 2024-25 पासून लागू झालेल्या मान्यता नियमावलीत चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर कम्प्युटर आणि तत्सम शाखांच्या जागा वाढवण्याकडे कॉलेजांचा कल राहिला. 2024-25 ला पहिल्या वर्षात आलेली मुलं 2027-28 ला शेवटच्या वर्षात असतील. म्हणजे वाढलेल्या जागांचा भार गाईड वाटपावर तेव्हा पूर्ण दिसेल.

साधं गणित करू. एआयसीटीईचं प्रमाण आहे 20 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक. समजा एका शाखेत 240 जागा आहेत. चार वर्षांचे मिळून 960 विद्यार्थी, म्हणजे 48 शिक्षक हवेत. शेवटच्या वर्षातल्या 240 जणांचे चार-चारचे 60 ग्रुप होतात. 48 शिक्षक खरोखर असतील तर बहुतेकांकडे एकच ग्रुप येईल. पण पहिल्या वर्षाला गणित-भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षकही या हिशोबात येतात आणि ते कम्प्युटरच्या प्रोजेक्टचे गाईड नसतात. त्यांना वगळून आणि रिकाम्या जागा धरून विभागात 20 जण उरले, तर प्रत्येकाकडे तीन ग्रुप.

तीन ग्रुप सांभाळणारा गाईड कंपनीच्या प्रोजेक्टकडे वेगळ्या नजरेने बघतो. कॉलेजच्या लॅबमधला प्रोजेक्ट अडला तर तो तिथेच सोडवता येतो. कंपनीतला अडला, तर बाहेरच्या माणसाच्या परवानगीवर सगळं थांबतं आणि रिव्ह्यूला उत्तर मात्र गाईडलाच द्यावं लागतं. 'हा विषय नको' म्हणण्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

'इंडस्ट्री प्रोजेक्ट' या एका नावाखाली तीन गोष्टी

पहिली खरी. कंपनीकडे एक अडचण आहे, तिथला एक माणूस मेंटॉर म्हणून वेळ देणार आहे आणि डेटा किंवा मशीन वापरायला मिळणार आहे.

दुसरी इंटर्नशिपची. कंपनी तुम्हाला आपल्या चालू कामात बसवते. शिकायला भरपूर मिळतं, पण चौघांपैकी एकजण टेस्टिंग करतो आणि दुसरा स्क्रीन बनवतो. हे काम म्हणून ठीक आहे, पण परीक्षकाने "यात तुमचं काय?" विचारलं की उत्तर देता येत नाही.

तिसरी म्हणजे दुकान. तयार प्रोजेक्ट विकणारी सेंटर शहरात सगळ्यांना माहीत असतात. काही ठिकाणी प्रोजेक्टबरोबर 'स्पॉन्सरशिप लेटर'ही मिळतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे पैसे कोणाकडून कोणाकडे जातायत. स्पॉन्सर तुमच्याकडून पैसे घेत असेल तर तो स्पॉन्सर नाही. दुसरी खूण पत्रातच असते. खऱ्या पत्रात अडचण लिहिलेली असते आणि मेंटॉरचं नाव, पद असतं. विकतच्या पत्रात फक्त प्रोजेक्टचं शीर्षक असतं आणि 'यांना आमच्याकडून सहकार्य करण्यात येत आहे' असं एक वाक्य.

कमिटीतल्या प्राध्यापकांनी अशी पत्रं वर्षानुवर्षं पाहिलेली असतात. त्यामुळे कंपनीचं लेटरहेड पाहून त्या खूश होतील ही अपेक्षा चुकीची आहे. उलट लेटरहेड दिसलं की चौकशी वाढते.

एक उदाहरण घेऊ : पहिला सिनॉप्सिस

समजा चौघांचा एक ग्रुप आहे. एकाचे काका भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. तिथे सहा सीएनसी मशीन आहेत आणि गाड्यांचे छोटे भाग बनतात. मालक म्हणाले, "मशीन बंद पडायच्या आधी कळलं पाहिजे, एवढं करून द्या."

ग्रुपने शीर्षक लिहिलं : 'आयओटी आणि मशीन लर्निंग वापरून प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स'. उद्दिष्टात लिहिलं की बिघाडाचा अंदाज 95 टक्के अचूकतेने देणार. गाईडने सही केली आणि कमिटीने विषय परत पाठवला.

कमिटीचा पहिला प्रश्न होता, "मशीन किती वेळा बंद पडली?" मुलांनी वर्कशॉपचं मेंटेनन्स रजिस्टर पाहिलंच नव्हतं. जाऊन पाहिलं तर दोन वर्षांत सहा मशीन मिळून 14 मोठे बिघाड. त्यात स्पिंडलचे चार, बाकी पंप, वायरिंग, कूलंट असे वेगवेगळे. चार घटनांवरून कुठलंही मॉडेल बिघाड ओळखायला शिकू शकत नाही. शिवाय वर्षभरात नवा बिघाड झालाच नाही, तर मॉडेल बरोबर होतं की चूक हे तपासणार कसं?

दुसरा प्रश्न, "95 टक्के कुठून आले?" हा आकडा कोणत्यातरी पेपरमधून उचललेला होता. जिथे बिघाड क्वचित होतात तिथे 'काहीच होणार नाही' असं रोज सांगणारा माणूसही 99 टक्के वेळा बरोबर ठरतो. त्यामुळे तो आकडा काहीच सिद्ध करत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कमिटीने कंपनीची अडचण खोटी ठरवली नाही. अडचण खरी होती, पण ती चार मुलांना दहा महिन्यांत मोजून दाखवता येईल अशा आकाराची नव्हती. मालकाला उपयोग हवा असतो. विभागाला त्या कामाची परीक्षा घेता यायला हवी. एनबीए मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचा दर्जा हा स्वतंत्र मुद्दा असतो आणि विषय कसे निवडले, वाटले, तपासले याची कागदपत्रं विभागाला दाखवावी लागतात. म्हणून 'मोजणार काय?' हा प्रश्न टाळता येत नाही.

विषय कसा वळवला

ग्रुप पुन्हा वर्कशॉपमध्ये गेला आणि या वेळी वेगळा प्रश्न विचारला : "इथे रोज काय बिघडतं?"

ऑपरेटर दादांनी लगेच सांगितलं, "टिप."

लेथवर धातू कापणारा जो छोटा तुकडा असतो, त्याला वर्कशॉपमध्ये टिप म्हणतात. ती झिजते. जास्त झिजली की नग खराब होतो, आणि लवकर बदलली तर शिल्लक धार वाया जाते. या वर्कशॉपचा नियम साधा होता : दर 150 नगांनी धार बदलायची, झिजलेली असो वा नसो. एका शिफ्टला साधारण 400 नग, दोन शिफ्टला 800. म्हणजे एका मशीनवर दिवसाला पाच वेळा धार बदलते. महिन्याचे 25 दिवस धरले तर सव्वाशे वेळा. दोन वर्षांतल्या चार घटनांच्या जागी आता दोन महिन्यांत अडीचशे नोंदी मिळणार होत्या.

नवं शीर्षक झालं : 'स्पिंडल मोटरच्या विद्युतप्रवाहावरून सीएनसी लेथच्या टिपची झीज ओळखणे'. मशीन एक, भाग एक, मोजायची गोष्ट एक.

कल्पना अशी की धार बोथट झाली की कापायला जोर जास्त लागतो आणि मोटर जास्त करंट घेते. केबलभोवती बसणाऱ्या क्लॅम्पसारख्या सेन्सरने करंट मोजता येतो. वायर कापावी लागत नाही, मशीनच्या कंट्रोलरला हात लावावा लागत नाही. मालकाची परवानगी मिळण्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता.

आणि खरी झीज? ती मायक्रोस्कोपखाली मोजायची. टिपच्या बाजूला झिजेचा जो पट्टा उमटतो त्याची रुंदी मोजतात. टर्निंगच्या टिपचं आयुष्य तपासण्यासाठी आयएसओ 3685 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात सरासरी 0.3 मिलिमीटर झीज ही नेहमी वापरली जाणारी मर्यादा आहे. त्यामुळे 'झिजली म्हणजे किती झिजली' हे मुलांना स्वतः ठरवावं लागलं नाही.

दुसऱ्या फेरीतले दोन नेमके प्रश्न

नवा सिनॉप्सिस चांगला होता, तरी कमिटीने दोन गोष्टी दुरुस्त करायला लावल्या.

एक. सगळ्या टिपा 150 नगांनंतरच काढल्या, तर अर्धवट झिजलेली आणि पूर्ण झिजलेली टिप डेटात येणारच नाही. म्हणजे काही टिपा 50 आणि 100 नगांना काढून मोजायला हव्यात आणि काही देखरेखीखाली 150 च्या पुढे चालवायला हव्यात. यासाठी कंपनीची आगाऊ परवानगी लागते, कारण त्यात काही नग खराब होऊ शकतात. ही परवानगी तोंडी चालत नाही, पत्रात हवी. हे जानेवारीत लक्षात आलं असतं तर उशीर झाला असता.

दोन. मॉडेल तपासताना डेटा कसा वाटणार? एकाच टिपचा 80 वा नग शिकवण्यात आणि 81 वा नग तपासणीत गेला, तर मॉडेलने जवळपास तेच पुन्हा पाहिलेलं असतं आणि निकाल फसवा चांगला येतो. म्हणून वाटणी नगांप्रमाणे न करता टिपांप्रमाणे करायची. एक टिप पूर्ण शिकवण्यात, दुसरी पूर्ण तपासणीत. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये '99 टक्के अचूकता' दिसली की जाणकार परीक्षक पहिला संशय याच गोष्टीचा घेतो.

यशाची व्याख्याही बदलली. अचूकतेच्या टक्क्याऐवजी तुलना ठेवली : 150 नगांच्या नियमापेक्षा आपली पद्धत किती टिपा जास्त वापरू देते आणि त्यात किती नग खराब जातात? निकाल 'नियमच बरा' असा आला तरी प्रोजेक्ट नापास होत नाही, कारण प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं.

गोपनीयतेचा कागद : भांडण इथे होतं

कंपनी सही करताना गोपनीयता करार पुढे ठेवते. त्यात साधारण असं असतं की इथली माहिती कोणालाही देणार नाही. दुसरीकडे विद्यापीठाच्या परीक्षेत बाहेरचा परीक्षक येतो, रिपोर्ट ग्रंथालयात जातो आणि काही विभाग पेपर छापण्याचा आग्रह धरतात. करार जसाच्या तसा पाळला तर व्हायव्हाला तोंडच उघडता येणार नाही.

यावर तोडगा निघतो, पण तो विषय मंजूर होण्याआधी काढावा लागतो. आपल्या उदाहरणात मालकाला झिजेचे आकडे बाहेर गेल्याची चिंता नव्हती. भाग कोणत्या गाडीचा आहे आणि त्याचं ड्रॉइंग काय आहे हे बाहेर जाऊ नये एवढंच म्हणणं होतं, कारण ड्रॉइंग ग्राहक कंपनीचं होतं. मग पत्रात चार ओळी आल्या : रिपोर्टमध्ये भागाचं नाव आणि ड्रॉइंग येणार नाही. करंट आणि झिजेच्या नोंदी वापरता येतील. गाईड आणि परीक्षकांना रिपोर्ट दाखवता येईल. आणि पेपर छापण्यापूर्वी कंपनीला मसुदा दाखवला जाईल.

पेटंटचा विचार असेल तर क्रम आणखी महत्त्वाचा. अर्ज करण्याआधी कल्पना जाहीर झाली की तिचं नवेपण गेलं असं धरलं जाऊ शकतं. कायद्यात काही सवलती आहेत, पण त्या मर्यादित आहेत आणि कॉलेजचं साधं प्रोजेक्ट प्रदर्शन त्यात बसेल असं गृहीत धरू नये. आधी अर्ज, मग पोस्टर.

आणि करारावर सही कोण करतंय ते पाहा. बऱ्याच वेळा मुलं स्वतः सही करून मोकळी होतात आणि गाईडला तो कागद रिव्ह्यूच्या दिवशी दिसतो. कॉलेजला न विचारता केलेल्या सहीने कॉलेजच्या परीक्षेचे नियम बदलत नाहीत. अडकता तुम्ही.

गाईड त्या विषयातला नसेल तर?

आपल्या ग्रुपला मिळालेले सर डेटाबेस शिकवणारे होते. लेथ त्यांनी कॉलेजात शिकताना पाहिली असेल तेवढीच. अशा वेळी गाईड बदलून मागण्याचा मोह होतो. अर्ज करता येतो, पण यादी लागल्यावर बदल हवा तर बहुतेक ठिकाणी दोन्ही गाईडची आणि विभागप्रमुखांची संमती लागते, आणि नव्या गाईडकडे जागा असेलच असं नाही.

त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे मेकॅनिकल विभागातले सहगाईड. मुख्य गाईड तेच, पण झीज मोजण्याची पद्धत बरोबर आहे की नाही हे सांगायला दुसरा माणूस. इथे कमिटीने हेच सुचवलं. शिवाय मायक्रोस्कोप मेकॅनिकलच्या लॅबमध्येच होता.

गाईडकडून विषयाचं ज्ञान मिळालं तर उत्तमच. ते नसेल तर किमान दोन गोष्टी हव्यात : दर आठवड्याला लॉगबुक बघणं, आणि कंपनीच्या मेंटॉरला महिन्यातून एक फोन. दुसरी गोष्ट मुलं मागत नाहीत आणि गाईड आपणहून करत नाहीत. मग डिसेंबरात मेंटॉर नोकरी बदलतो आणि कंपनीत तुम्हाला कोणी ओळखत नाही.

कंपनीने दार बंद केलं तर?

सिनॉप्सिसमध्ये या प्रश्नाला एक परिच्छेद असेल तर कमिटीचा निम्मा विरोध मावळतो. आपल्या ग्रुपने लिहिलं की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत किमान 60 टिपांच्या नोंदी मिळाल्या नाहीत, तर नासाने सार्वजनिक केलेला मिलिंगचा डेटा वापरू. त्यात 16 वेगवेगळ्या चाचण्यांमधल्या झिजेच्या नोंदी आणि स्पिंडल मोटरचा करंट आहे. तो डेटा मिलिंगचा आहे, टर्निंगचा नाही, आणि त्यावरून या वर्कशॉपसाठी काहीच सांगता येणार नाही, हेही त्यांनी लिहिलं. पण पद्धत तपासता येईल आणि वर्ष वाया जाणार नाही.

तारीख आणि आकडा असल्यामुळे हा पर्याय खरा वाटतो. 'गरज पडल्यास ऑनलाइन डेटा वापरू' या वाक्याला कमिटी पर्याय मानत नाही.

मग विषय द्यायला जाताना हातात काय हवं?

थोडक्यात क्रम असा. गाईडची यादी लागण्याआधी कंपनीत दोनदा जाऊन या : एकदा मालकाला भेटायला, एकदा रजिस्टर बघायला आणि ऑपरेटरशी बोलायला. जी घटना मोजणार आहात ती महिन्यात किती वेळा घडते हा आकडा काढा. तो हाताच्या बोटांवर मोजण्याएवढा असेल तर विषय बदला. पत्रात अडचण, मेंटॉरचं नाव, काय वापरायला मिळेल आणि रिपोर्टमध्ये काय छापता येईल हे येऊ द्या. गोपनीयतेचा कागद सही करण्याआधी गाईडला दाखवा.

आणि शीर्षकातून 'स्मार्ट', 'आधारित प्रणाली' असे शब्द काढून पाहा. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या शीर्षकातून असे शब्द काढले तर फक्त 'मेंटेनन्स' उरत होतं. दुसऱ्यात लेथ, टिप, झीज आणि करंट उरले, आणि कमिटीने सही त्यावर केली.